चार ओळींची शिफारस

‘माझा जिवलग मित्र आहे. क्वालिटीतला एक नंबर माणूस. शंभर टक्के खात्री मी देतो. महिन्याभरात जॉइन होईल.’

2018 च्या पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमारास प्रस्तुत लेखकाने मोबाइलवरून पाठवलेला हा मेल. मूळ इंग्रजीत, पण आशय अक्षरशः हाच. खाली मित्राचं पूर्ण नाव, त्याच्या कंपनीचं नाव, मोबाइल नंबर, आणि सोबत दोन वर्षांपूर्वी मित्राने भलत्याच कामासाठी पाठवलेला बायोडेटा. चाकणला कारखान्यात मशीन शॉप सांभाळणाऱ्या लेखकाला ज्या कन्सल्टन्सीने पूर्वी नोकरी लावली होती, तिथल्या मॅडमनी त्या दिवशी सहज विचारलं होतं, “सर, सप्लायर क्वालिटीसाठी कोणी ओळखीचं आहे का?” कोणी विचारलं की माणूस हरखतो. लेखकही हरखला. मित्राला सकाळी सांगू म्हणाला आणि झोपला. सकाळी पहिली पाळी सुरू झाली, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तिसऱ्या दिवशी कन्सल्टन्सीतल्या एका नव्या मुलीने मित्राला फोन लावला. शॉपफ्लोअरवर असल्यामुळे त्याने तो उचलला नाही. तिने मग मेलमधलं कंपनीचं नाव शोधून थेट रिसेप्शनला फोन केला आणि ‘नोकरीच्या संदर्भात फोन करायला सांगा’ असा निरोप ठेवला, कन्सल्टन्सीच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत तो निरोप मित्राच्या मॅनेजरच्या टेबलावर होता. मित्राच्या डोक्यात नोकरी सोडण्याचा विचारही नव्हता, तो प्रमोशनची वाट पाहत होता. त्या वर्षी ते प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. त्याचं कारण हा फोनच होता असं कुणाला सिद्ध करता येणार नाही. मित्राला मात्र त्याबद्दल शंका नाही.

बोभाटा झालाच आहे तर मुलाखत तरी देऊन येतो, म्हणून तो गेला. तिथे त्याला कास्टिंगमधल्या दोषांबद्दल विचारलं. बायोडेटा पाठवल्यानंतर तो कागदपत्रांच्या ऑडिटकडे वळला होता आणि दोन वर्षांत फाउंड्रीची पायरी चढला नव्हता. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा निघाला. ‘महिन्याभरात’ हे लेखकाने कुठून आणलं, हे त्यालाही सांगता येणार नाही. मॅडमचा फोन आला तेव्हा आवाज शांत होता. “सर, तुम्ही यांच्याबरोबर कधी काम केलंय का?”

केलं नव्हतं. चार वर्षं एका होस्टेलच्या खोलीत काढली होती, एका डब्यात दोघं जेवले होते, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाटून घेतल्या होत्या. माणूस म्हणून त्याच्यासाठी कुठेही जामीन राहावं असाच तो आहे. पण कामावर तो कसा आहे, याबद्दल लेखकाला इतर कुणाहून जास्त माहिती नव्हती. मॅडमनी त्यानंतर ‘कोणी ओळखीचं आहे का’ असं पुन्हा विचारलं नाही.

आपल्याकडे ओळख, शिफारस आणि हमी या तिन्ही गोष्टी ‘शब्द टाकणे’ या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. ओळख म्हणजे अमुक माणूस आहे, तुम्ही पाहून घ्या. शिफारस म्हणजे त्याचं अमुक काम मी स्वतः पाहिलं आहे. आणि हमी म्हणजे तो पुढे चांगलंच काम करील. ही तिसरी गोष्ट कुणी कुणाबद्दल देऊ शकत नाही. लेखकाने ओळखीच्या भांडवलावर हमीचा कागद लिहून दिला होता.

हा घोटाळा जुनाच आहे. 1776 च्या अखेरीस बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसला पोचले आणि अमेरिकेत जायला निघालेल्या लोकांनी शिफारसपत्रांसाठी त्यांच्या दाराशी रांग लावली. वैतागून त्यांनी 1777 मध्ये एक नमुनाच लिहून ठेवला. त्याचा मथितार्थ असा, की पत्र घेऊन येणाऱ्याबद्दल मला काहीही ठाऊक नाही, नावसुद्धा नाही. त्याच्या गुणांची चौकशी त्याच्याकडेच करावी, कारण ते माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असणार. कुठल्याही परक्या माणसाशी वागावं तितक्या सभ्यतेने त्याच्याशी वागा, एवढीच विनंती. थट्टा आहे, पण पत्र प्रामाणिक आहे.

दुसऱ्या टोकाला मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट. 1912 च्या फेब्रुवारीत श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला, त्याला या प्राध्यापकांचं छोटंसं पत्र जोडलेलं होतं. उमेदवार एफ. ए. नापास. पत्रात गणितातल्या असामान्य गतीचा उल्लेख होताच, पण आकडेमोडीचं अंग उपजत आहे आणि हिशेब झटपट होतो, हेही होतं. हिशेबखात्याच्या साहेबाला पाहिजे होतं ते नेमकं हेच. 1 मार्चपासून रामानुजन 30 रुपये पगारावर रुजू झाले. हा माणूस जगप्रसिद्ध होईल, असं मिडलमास्ट यांनी लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं, पण कारकुनाच्या जागेसाठी निरुपयोगी.

लेखकावर शिफारस लिहायची वेळ पुन्हा आली 2022 मध्ये. रिक्रूटर दुसरा, मित्र दुसरा, जागा मात्र पुन्हा सप्लायर क्वालिटीचीच. या मित्राबरोबर लेखकाने खरोखर तीन वर्षं काम केलेलं होतं. या वेळी पहिला फोन मित्राला केला. नोकरी बदलायची आहे का? आहे. तुझ्याबद्दल लिहू का? लिही, पण पाठवायच्या आधी मला दाखव. मग मसुदा तयार झाला:

‘विषय: सप्लायर क्वालिटीची जागा, एक उमेदवार (त्यांच्या संमतीने)

नमस्कार. या जागेसाठी माझ्या माहितीत एक जण आहेत. 2016 ते 2019 आम्ही एकाच प्लान्टमध्ये होतो. ते येणाऱ्या मालाची क्वालिटी पाहत, मी मशीन शॉप. अॅल्युमिनियम कास्टिंगमधली पोरॉसिटी मशीनिंगनंतर उघडी पडून आमचे भाग बाद होत होते. सप्लायरकडे जाऊन त्यांनी डायमधल्या हवा बाहेर जाण्याच्या वाटा तुंबत असल्याचं शोधलं आणि त्या दर पाळीला साफ करण्याची पद्धत लावून दिली. त्यानंतर बाद मालाचा ढीग कमी झाला, हे मी रोज पाहत होतो. 2019 नंतरचं त्यांचं काम मी पाहिलेलं नाही. टीम सांभाळण्याबद्दल मला सांगता येणार नाही. ते माझे मित्रही आहेत, हे ध्यानात घ्यावं. जागा कोणत्या कंपनीत आहे ते कळवलंत, तर त्यांना विचारून नाव आणि नंबर देतो. पुढचा निर्णय तुमचा.’

मित्राने तो वाचला आणि लगेच फोन केला. “अरे, मी एकट्याने नाही शोधलं ते. सप्लायरच्या टूलरूमवाल्याने व्हेंट दाखवला, मी फक्त चेकशीटमध्ये घातलं आणि महिनाभर मागे लागलो.” वाक्य बदललं. दिसायला ते जरा फिकं झालं, पण मुलाखतीत पहिला प्रश्न ‘यात तुम्ही नेमकं काय केलंत?’ हाच असतो. मेलमध्ये एक आणि उमेदवाराच्या तोंडी दुसरं आलं, की दोघंही खोटे पडतात. मसुदा दाखवण्याचं मुख्य कारण हे. लेखकाने बाद मालाचा आकडाही आधी घातला होता, तो मित्राने काढायला लावला. जुन्या कंपनीचा आकडा बाहेर सांगायचा हक्क दोघांपैकी कुणालाच नव्हता.

मेलमध्ये जे नाही, तेही मुद्दाम नाही. पगार नाही. तो उमेदवाराने स्वतः सांगायचा, आपण ‘इतक्यात येईल’ म्हटलं की त्याची बोली तिथेच अडकते. नोकरी का सोडतोय ते नाही, घरची अडचण नाही, नोटीस पिरियडही नाही. बायोडेटा जोडलेला नाही. तो ताजा करून त्यानेच पाठवायचा. स्वतःच्याच कंपनीत मित्राला आणायचं असेल आणि त्याबद्दल रेफरल बोनस मिळणार असेल, तर तेही मित्राला आधी सांगावं. नंतर कळलं तर दोस्तीत मिठाचा खडा पडतो.

‘मला सांगता येणार नाही’ हे वाक्य लिहिताना लेखकाचा हात थबकला होता. यामुळे मित्राचं नुकसान होईल का? अनुभव उलटा आहे. रिक्रूटरकडे दिवसभर ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ असे मेल येत असतात. ज्याने आपल्या माहितीची हद्द आखून दिली, त्याच्या हद्दीतल्या गोष्टीवर विश्वास बसतो. मात्र ती हद्द आपल्या माहितीचीच हवी. ‘टीम सांभाळता येत नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घाईत वाचणाऱ्यालाही तो कळेल असंच लिहायला हवं.

नाव रोखून धरण्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी दिसला. रिक्रूटरने कंपनी कळवली, लेखकाने मित्राला विचारलं आणि तो म्हणाला, “तिथे माझा सीव्ही दुसऱ्या कन्सल्टन्सीने गेल्याच आठवड्यात टाकलाय.” कन्सल्टन्सीचं मानधन उमेदवाराच्या वार्षिक पगारावर ठरतं, बरेचदा एका महिन्याच्या पगाराएवढं, म्हणजे 8.33 टक्के. एकच नाव दोन कन्सल्टन्सींकडून आलं की हे पैसे कुणाचे यावरून तंटा होतो, आणि तो नको म्हणून काही कंपन्या उमेदवारालाच बाजूला ठेवतात. लेखकाने रिक्रूटरला तेवढंच कळवलं. त्याने आभार मानले, आणि महिन्याभराने दुसऱ्या एका जागेबद्दल पुन्हा विचारलं. त्या वेळी मात्र नाव गेलं, ‘संध्याकाळी सातनंतर, फक्त मोबाइलवर’ या सूचनेसह.

ज्याचं काम आपण पाहिलेलंच नाही अशा मित्राने गळ घातली, तर लेखक आता सरळ सांगतो, “तुझी ओळख करून देतो, पण तुझ्या कामाबद्दल लिहिणार नाही, कारण मी ते पाहिलेलं नाही. तुझ्या जुन्या लीडला विचार.” एक-दोघांनी तोंड फिरवलं. बाकीच्यांनी लीडला विचारलं.

होस्टेलमधल्या मित्राने 2020 मध्ये स्वतःच अर्ज करून नोकरी बदलली. नव्या कंपनीने फॉर्मवर संदर्भासाठी दोन नावं मागितली होती. त्यात लेखकाचं नाव नव्हतं.