तेलावरील आयात शुल्क : कोणाच्या पदरातून कोणाच्या पदरात?

सप्टेंबर २०२४ च्या मध्यास केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. त्यावर कृषी पायाभूत सुविधांचा ५ टक्के उपकर आणि समाजकल्याण अधिभार मिळून एकूण बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाला. सोयाबीनची काढणी तोंडावर होती आणि बाजारातील भाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये या हमीभावाच्या खाली होते. शेतकऱ्याला दिलासा मिळावा, हा या निर्णयामागील उघड हेतू होता.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी सोयाबीन पिकते, आणि कित्येकांच्या घरी शेतच नाही. तेथे तेल पावशेर-अर्धा शेर असे दुकानातून येते. तेव्हा ‘शुल्कवाढ चांगली की वाईट’ हा प्रश्न वर्गात विचारला, की वर्गाचे दोन तट पडतात. दोन्ही तट आपापल्या जागी खरे बोलतात. अर्थशास्त्राजवळ या वादासाठी एक साधी आकृती आहे. ती निकाल देत नाही. कोणाचे किती गेले आणि ते कोठे पोहोचले, एवढेच ती दाखवते. ती आकृती आपण येथे शब्दांत काढू.

एका लहानशा बाजाराची कल्पना करू. पुढील आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही योजले आहेत. कागदावर उभा अक्ष घ्या. त्यावर तेलाचा दर, किलोमागे रुपयांत. आडव्या अक्षावर दिवसाला खपणारे तेल, किलोत. मागणीची रेषा उभ्या अक्षावर ३०० रुपयांपाशी सुरू होते आणि उजवीकडे उतरत जाते. दर १०० रुपये असता ती १०० किलोंवर असते. पुरवठ्याची रेषा २० रुपयांपाशी सुरू होऊन उजवीकडे चढते. दर १०० रुपये असता देशी उत्पादक ४० किलो तेल पुरवतात. या दोन रेषा १६० रुपये दराला, ७० किलोंवर एकमेकींना छेदतात. परदेशी तेल येतच नसते, तर बाजार तेथे स्थिरावला असता.

परंतु परदेशी तेल येते, आणि ते १०० रुपयांना हवे तेवढे मिळते असे समजू. मग १०० रुपयांच्या उंचीवर एक आडवी रेषा ओढा. या दराला लोक १०० किलो घेतात, देशातून ४० किलो येते, उरलेले ६० किलो आयात होते. भारताची स्थिती ढोबळमानाने अशीच आहे; आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते.

आता आधिक्य या शब्दाचा अर्थ पाहू. पहिल्या किलोसाठी जवळजवळ ३०० रुपये मोजण्यास तयार असलेल्या गिऱ्हाइकाला तो १०० रुपयांत मिळतो. देण्याची तयारी आणि दिलेली किंमत यांतील हे अंतर म्हणजे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य. सर्व किलोंचे असे अंतर एकत्र केले, की मागणीच्या रेषेखालील व किमतीच्या रेषेवरील त्रिकोण मिळतो. त्याचे क्षेत्रफळ १०,००० रुपये. तसेच जो उत्पादक २५ रुपयांतही तेल विकण्यास तयार होता, त्याला १०० रुपये मिळतात. किमतीच्या रेषेखालील व पुरवठ्याच्या रेषेवरील त्रिकोण हे उत्पादकाचे आधिक्य. ते १,६०० रुपये भरते.

सरकार २० रुपये शुल्क लावते. आडवी रेषा १२० वर सरकते. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास निसटते : शुल्क केवळ परदेशी तेलावर असले, तरी देशी तेलही १२० रुपयांनाच विकले जाते. शेजारच्या डब्याला १२० मिळत असता आपला डबा १०० ला कोण देईल? शुल्काची सारी कथा या एका वाक्यात आहे. लोक आता ९० किलो घेतात, देशी पुरवठा ५० किलो होतो, आयात ४० वर येते.

दोन आडव्या रेषांच्या मधला पट्टा नीट पाहा. उभ्या अक्षापासून मागणीच्या रेषेपर्यंतचा हा पट्टा उपभोक्त्यांनी गमावला. नव्वद किलोंवर प्रत्येकी २० रुपये, म्हणजे १,८००. आणि जे १० किलो तेल घेणेच लोकांनी सोडले, त्यावरील छोट्या त्रिकोणाचे १००. एकूण १,९०० रुपये.

हाच पट्टा आता चार तुकड्यांत कापू. डावीकडचा तुकडा, उभ्या अक्षापासून पुरवठ्याच्या रेषेपर्यंत, समलंब चौकोनाच्या आकाराचा आहे. तो उत्पादकांकडे जातो : जुन्या ४० किलोंवर प्रत्येकी २० रुपये म्हणजे ८००, आणि वाढीव १० किलोंवर १००, एकूण ९०० रुपये. मधला आयत सरकारचा : आयात ४० किलो, शुल्क २० रुपये, तिजोरीत ८०० रुपये. नऊशे आणि आठशे मिळून सतराशे होतात. गमावले होते एकोणीसशे. उरलेले २०० कोणाच्याच पदरात पडत नाहीत. आयताच्या दोन्ही बाजूंस उरलेले ते दोन त्रिकोण आहेत, प्रत्येकी १०० रुपयांचे. डावीकडचा त्रिकोण सांगतो, की जे १० किलो बाहेरून १०० रुपयांत मिळाले असते, ते तयार करण्यास देशात १०० ते १२० रुपयांची साधने खर्ची पडली. उजवीकडचा सांगतो, की ज्यांना त्या तेलाचे मोल १०० रुपयांहून अधिक होते, त्यांनी ते घेतलेच नाही. अर्थशास्त्रात याला निव्वळ हानी म्हणतात.

या त्रिकोणांची वाढ सरळ होत नाही. शुल्क दुप्पट, ४० रुपये केले, तर आयात २० किलोंवर येते आणि निव्वळ हानी ८०० रुपये, म्हणजे चौपट होते. सरकारचे उत्पन्न मात्र ४० गुणिले २०, पुन्हा ८०० रुपयेच. शुल्क ६० रुपये झाले, की आयात थांबते आणि तिजोरीत काहीच येत नाही. शुल्क जितके वाढवू तितका महसूल वाढेल, ही समजूत आकृतीपुढे टिकत नाही.

येथवर आकृती चोख आहे. खरा पेच ‘देशी उत्पादक’ या दोन शब्दांत आहे. आकृतीत तो एकच आहे. प्रत्यक्षात त्या नावाखाली शेतकरी, घाणीवाला किंवा तेलगिरणी, आणि शुद्धीकरण कारखाना असे तिघे उभे आहेत. नऊशे रुपये या तिघांत कसे वाटले जातात, हे आकृती सांगत नाही.

सोयाबीनचा हिशेब करून पाहू. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोंच्या आसपास पेंड. तेल किलोमागे २० रुपयांनी महागले आणि गिरणीने एकही रुपया स्वतःकडे ठेवला नाही, असे मानले तरी शेतकऱ्याच्या क्विंटलमागे ३६० रुपयांची भर पडते. पण पेंड किलोमागे साडेचार रुपयांनी उतरली, की ८० किलोंवर तेच ३६० रुपये निघून जातात. पेंडीचा भाव कोंबडीपालन व पशुखाद्याच्या मागणीवर आणि निर्यातीवर ठरतो. तेलावरील शुल्क त्याला आधार देत नाही. भुईमुगात किंवा तिळात तेलाचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. सोयाबीन मुख्यतः पेंडीचे पीक आहे. शुल्क तेलावर लावायचे आणि भाव सोयाबीनचा वाढेल अशी अपेक्षा धरायची, यातील अडचण ही. त्या हंगामात शुल्क वाढूनही महाराष्ट्राच्या अनेक बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाखालीच विकले गेले, याचे एक मोठे कारण आमच्या मते येथे आहे.

पुढे मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरील मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले. एकूण बोजा साडेसोळा टक्के झाला. शुद्ध तेलावरील बोजा मात्र ३५.७५ टक्केच राहिला. दोहोंतील अंतर सव्वाआठवरून सव्वाएकोणीस टक्के झाले. या अंतराचा आधार मिळतो तो कच्चे तेल आणून येथे शुद्ध करणाऱ्या कारखान्याला. शेतकऱ्याचे रक्षण कच्च्या तेलावरील शुल्काने होते, आणि ते तर घटले. बातमीत ‘शुल्क कमी, शुल्क जास्त’ एवढेच वाचून चालत नाही. कोणत्या टप्प्यावरील मालाला ते लागू आहे, हे पाहावे लागते.

आकृतीची आणखी एक मर्यादा आहे. जगातील दर १०० रुपयेच राहतो, असे आपण गृहीत धरले. भारत हा खाद्यतेलाच्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. त्याने खरेदी घटवली, तर बाहेरचा दर काहीसा उतरू शकतो आणि शुल्काचा थोडा भार परदेशी विक्रेत्यावर पडतो. उलट २०२४ च्या त्या शरदात पाम तेलाचे जागतिक दर आपल्या कारणांनी चढत होते. म्हणून दुकानातील भाववाढ पाहून ती सगळी शुल्काचीच, असे म्हणता येत नाही. बंदरात उतरलेल्या मालाची शुल्कापूर्वीची किंमत आणि देशातील घाऊक किंमत यांतील अंतर किती वाढले, ते पाहावे. शुल्काचा परिणाम त्या अंतरात दिसतो.

शेवटी एक गोष्ट, जी आकृतीत मोजताच येत नाही. तिच्या लेखी मजूर कुटुंबाने गमावलेला रुपया आणि कारखान्याने मिळवलेला रुपया सारखाच. बेरीज-वजाबाकीसाठी ते सोयीचे आहे; पण ज्या घरात मिळकतीचा मोठा वाटा अन्नावरच जातो, तेथे तेलाचे वीस रुपये वेगळे भासतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात रुपयाच्या घसरणीचा विचार करताना हीच फोड केली होती. घसरलेल्या रुपयामुळे निर्यातदाराला होणारा लाभ परदेशातून येत नाही. किमती वाढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणून तो देशातील एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो, असे त्यांनी दाखवले. त्यांचा विषय चलनाचा होता, आपला शुल्काचा. परंतु ‘देशाचा फायदा’ म्हटले, की देशातील कोणाचा, हे विचारण्याची रीत तीच आहे.

सरकारच्या वाट्याचे आठशे रुपये म्हणूनच दुर्लक्षू नयेत. ते शिधावाटपातील तेलाला, तेलबियांच्या चांगल्या वाणाला किंवा हमीभावाने होणाऱ्या खरेदीला लागले, तर उपभोक्त्याकडून गेलेले काही त्याच्याकडे, किंवा शेतकऱ्याकडे, परत येते. दोन त्रिकोणांचे दोनशे मात्र कोणत्याही अंदाजपत्रकातून परत येत नाहीत. विद्यार्थ्यांनी चौकटीच्या कागदावर ही आकृती स्वतः काढावी, शुल्क २० ऐवजी १० रुपये घ्यावे आणि चारही तुकड्यांचे क्षेत्रफळ मोजावे. उपभोक्त्यांची हानी ९७५, उत्पादकांचा लाभ ४२५, सरकारचे उत्पन्न ५०० आणि निव्वळ हानी ५० रुपये आली, तर आकृती बरोबर निघाली आहे.