आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट की ऑप्टोमेट्रिस्ट? वस्तीतल्या पालकांनी करून पाहावा असा हिशोब



बारावीचा निकाल लागला की विहारात आमच्याकडे पालक येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, कोणता कोर्स लवकर संपतो?" मुलगी डॉक्टर होणार नाही, पण दवाखान्याच्या क्षेत्रात जावी, ही इच्छा असते. मग कुणी फिजिओथेरपी सुचवलेली असते, कुणी डोळे तपासण्याचा कोर्स, कुणी डाएटिशियन.

आधी मुदतीचेच पाहू. फिजिओथेरपीची पदवी म्हणजे बी.पी.टी.एच. आतापर्यंत साडेचार वर्षांची होती. त्यात चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची केली आहे. ऑप्टोमेट्रीला तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी चार वर्षे लागत आली आहेत. आहारशास्त्रात तीन वर्षांची बी.एस्सी. दिसते म्हणून पालक खूश होतात. पण रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून उभे राहायचे तर पुढे किमान एक वर्षाची पदव्युत्तर पदविका, रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आर.डी.' परीक्षा लागते. म्हणजे तिन्ही वाटा चार ते पाच वर्षांच्याच आहेत. मुदतीवरून निवड करण्यात अर्थ नाही.

आम्ही पालकांना दुसरा प्रश्न विचारायला सांगतो. एकच पेशंट किती वेळा परत येतो? स्वतःची प्रॅक्टिस चालेल की नाही, हे त्यावर ठरते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमच्या गावातले दर विचारून ते बदला. लकवा मारलेल्या एका आजोबांना घरी जाऊन व्यायाम द्यायचे आहेत. आठवड्यातून तीन वेळा, तीन महिने, म्हणजे साधारण 36 भेटी. एका भेटीचे 300 रुपये धरले, तर एका पेशंटकडून 10,800 रुपये येतात. यासाठी दुकान लागत नाही. सुरुवातीला हात, एक पिशवी आणि स्कूटर पुरते.

आता डोळ्यांचे पाहू. वस्तीतली शिवणकाम करणारी ताई चाळिशीत आली, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ती नंबर काढायला आली. तपासणीचे कुणी फारसे पैसे देत नाही. कमाई चष्म्यात असते. 1,200 रुपयांच्या चष्म्यात फ्रेम आणि काचांचा खर्च वजा जाता 600 उरले, असे धरू. ती ताई परत येणार वर्षा-दोन वर्षांनी. म्हणजे त्या आजोबांएवढी रक्कम मिळवायला 18 चष्मे विकावे लागतात. शिवाय गाळ्याचे भाडे, ट्रायल सेट, रेटिनोस्कोप, फ्रेमचा माल हे आधी उभे करावे लागते. म्हणून सुरुवात नेत्र रुग्णालयात किंवा चष्म्याच्या मोठ्या दुकानात नोकरीने होते. पण एकदा गाळा बसला की तो मालकिणीच्या दोन हातांवर अवलंबून राहत नाही. मदतनीस ठेवता येतो, कॉन्टॅक्ट लेन्सचे काम वाढवता येते.

आहारतज्ज्ञाला यंत्र लागत नाही, गाळाही लागत नाही. अडचण वेगळी आहे. "काय खायचं हे सांगायचे पैसे?" असे लोक तोंडावर विचारतात. पहिल्या भेटीचे 500 आणि पुढच्या दोन भेटींचे 300-300 धरले, तर एका पेशंटकडून 1,100 रुपये झाले. म्हणजे आजोबांच्या रकमेसाठी असे दहा पेशंट हवेत, आणि तेही दुसऱ्या भेटीला न चुकता आलेले. म्हणून वस्तीत पाटी लावून ही प्रॅक्टिस सहसा चालत नाही. ती डॉक्टरांनी पाठवलेल्या पेशंटवर चालते. डॉक्टर पाठवतात ते अवघड आजारासाठी. डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम कमी हवे असते. मग भाजी बारीक चिरून उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, हे सांगावे लागते. वरण, भाकरी, फळे किती, याचे माप त्याच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टप्रमाणे बसवावे लागते. हे कौशल्य रुग्णालयातल्या तीन-चार वर्षांच्या नोकरीतून येते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, वाढ उशिरा होते, पण डॉक्टरांचा विश्वास बसला की टिकते.

तर मग फिजिओथेरपीच सर्वांत बरी का? तिथेही मर्यादा आहे. दिवसाला आठ-दहा पेशंटांच्या पलीकडे शरीर साथ देत नाही. पेशंटला उचलून-धरून फिजिओथेरपिस्टचीच कंबर धरते. एका टप्प्यानंतर कमाई थांबते आणि ती वाढवायला स्वतःचे क्लिनिक व सोबतीला माणूस लागतो. नोकरीतला पहिला पगार तर बहुतेक ठिकाणी निराश करणाराच असतो, हे आधीच मनाशी धरा.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने कर्ज काढून मुलीला सहा महिन्यांच्या 'फिजिओथेरपी डिप्लोमा'ला घातले. प्रमाणपत्र सुंदर छापलेले होते. नोकरीला गेल्यावर पहिल्याच ठिकाणी राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला. तो मिळणारच नव्हता. आज ती मदतनीस म्हणून काम करते. म्हणून पैसे भरण्याआधी पाहा: फिजिओथेरपीचे कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त विद्यापीठाशी जोडलेले आहे का, आणि पदवीनंतर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी होते का. आहाराच्या नावाखाली पावडरचे डबे विकायला लावणारे चार दिवसांचे 'न्यूट्रिशन कोर्स' म्हणजे आहारशास्त्र नव्हे. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणे म्हणजे ऑप्टोमेट्री नव्हे. अचानक दिसेनासे झालेला किंवा लाल होऊन दुखणारा डोळा ओळखून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे, हे पदवीत शिकवतात.

फीचे म्हणाल तर, राज्यात बी.पी.टी.एच.चा प्रवेश 'नीट' परीक्षेवर, शासनाच्या कॅप फेरीतून होतो. तिथून जागा मिळाली तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर हा लाभ मिळत नाही. एजंट हे सांगत नाही.

आणि कागद. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल, तर मूळ जातीचा जुना पुरावा शोधावा लागतो. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची आजोबा-पणजोबांची शाळेची किंवा महसुली नोंद कामी येते. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. निकालानंतर धावपळ केली तर आरक्षणाची जागा हातची जाते, हे आम्ही पाहिले आहे.

शेवटी मुलीला स्वतःला विचारा. तिला रोज माणसांचे अंग धरून काम करायला आवडेल, की दुकान चालवायला, की रिपोर्ट वाचून समजावत बसायला? पाच वर्षे तिला शिकायचे आहे आणि पुढची तीस वर्षे तेच करायचे आहे.