पाठ फिरवून उभी राहतेस ना, तिथेच शिट्टी वाजते

गौरी, तू पाठवलेला परवाच्या हॉकी मॅचचा व्हिडिओ काल रात्री पाहिला. एकदा नाही, थांबवून थांबवून बऱ्याचदा पाहिला. फोनवर तू तावातावाने म्हणालीस, "ताई, मी बॉल नुसता झाकून धरला होता, धक्का तर तिने मारला, आणि पेनल्टी कॉर्नर आमच्याविरुद्ध!" तुझा राग मला कळतो. पण बाई, अंपायरचं चुकलं नाही. काय झालं ते नीट सांगते, कारण राइट हाफ म्हणून खेळणार असशील तर ही वेळ तुझ्यावर प्रत्येक मॅचमध्ये येणार आहे.

आधी तो प्रसंग बघू. त्यांचा लांब फटका तुमच्या पाठीमागे, तुझ्या बाजूच्या साइडलाइनकडे गेला. तू धावत जाऊन बॉल गाठलास, आपल्याच बॅकलाइनकडे तोंड करून थांबवलास. जागा डीच्या बाहेर, तीन-चार पावलांवर. त्यांची फॉरवर्ड तुझ्या मागे होती, पण अजून दूर. इथपर्यंत तू एकही नियम मोडलेला नाहीस. एका जागी उभं राहून बॉल घेणाऱ्या खेळाडूला कुठेही तोंड करता येतं. समोरचीकडे पाठ असली तरी चालतं. तुमच्या टीममधल्या मुली "पाठ दाखवली की फाऊल" असं म्हणतात ना, ते खरं नाही.

मग ती जवळ आली. किती जवळ, हेच महत्त्वाचं. नियमात यासाठी मीटर दिलेले नाहीत. तिची स्टिक बॉलपर्यंत पोचू शकते का, एवढाच प्रश्न. पोचत नसेल तर तू पाठ करून हवी तितकी उभी राहा, कुणी काही म्हणणार नाही. पोचत असेल, आणि ती खरंच बॉल खेळायला बघत असेल, तर त्या क्षणापासून तुझ्या शरीराचा हिशेब सुरू होतो. या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. ती नुसती मागे उभी राहिली, स्टिक पुढे केलीच नाही, तर अडवायचं कुणाला?

आता व्हिडिओ त्या जागी थांबव. ती तुझ्या डाव्या बाजूने, साइडलाइनकडून, स्टिक खाली घालते. बॉल तिच्या टप्प्यात आहे. तू बॉल हलवत नाहीस. तू डावा पाय बाहेर टाकतेस आणि कंबर तिच्या स्टिकच्या वाटेत आणतेस. झालं ऑब्स्ट्रक्शन, तिथेच. बॉल असलेल्या खेळाडूला कुठल्याही दिशेने निघून जाता येतं, पण दोन दिशा बंद असतात: थेट समोरचीच्या अंगावर जाणं, आणि खेळू पाहणारी ती व बॉल यांच्या मधे जाणं. तू बॉल घेऊन निघालीस असं दिसतच नाही. बॉल जागच्या जागी आणि तू मात्र सरकलीस. अंपायर लांबूनसुद्धा हेच ओळखतो.

त्याने लगेच शिट्टी मारली नाही, म्हणून तुला वाटलं की चाललं. मला वाटतं, फॉरवर्डला स्वतःहून बॉल मिळतोय का हे त्याला बघायचं असावं. तोवर ती उजवीकडून, गोलच्या बाजूने आली. तू पुन्हा तेच केलंस, आणि यावेळी एक हात सोडून स्टिकसुद्धा तिच्या स्टिकसमोर आडवी धरलीस. शिट्टी त्या वेळी वाजली. तिचा धक्का तुला लागला तो त्यानंतर. आवाज चालू करून बघ, आधी शिट्टी ऐकू येते, मग तू पुढे झुकतेस.

तुला सगळ्यात जास्त बोचलंय ते पेनल्टी कॉर्नर. "डीच्या बाहेर होते ना मी!" होतीस. पण २३ मीटर रेषेच्या आत, आपल्या भागात, बचाव करणाऱ्या खेळाडूने मुद्दाम फाऊल केलं तर डीच्या बाहेरही पेनल्टी कॉर्नर देतात. पहिल्या वेळी तू नकळत सरकलीस असं म्हणता आलं असतं आणि कदाचित नुसत्या फ्री हिटवर सुटली असतीस. पण ती डावीकडून आली तर डावीकडे, उजवीकडून आली तर उजवीकडे, हे नकळत होत नाही. बॉल खेळायचा तुझा विचारच नाही, नुसती वाट अडवून वेळ काढायचीय, हे दुसऱ्या वेळी उघड झालं. हेच डीच्या आत घडलं असतं तर गोष्ट आणखी वाईट. तिथे नकळत झालेल्या ऑब्स्ट्रक्शनलाही पेनल्टी कॉर्नर असतो. आणि बॉल खेळायची संधी असलेल्या मुलीला मुद्दाम अडवलं, किंवा होऊ घातलेला गोल अडवला, तर पेनल्टी स्ट्रोक.

मग करायचं काय? मला विचारशील तर ती टप्प्यात आल्यावर काय करायचं हा प्रश्नच उशिराचा आहे. तुझं काम ती पोचायच्या आधीचं. बॉलकडे धावताना एकदा खांद्यावरून मागे बघ. व्हिडिओत तू एकदाही बघितलं नाहीस, तुझी वेणीसुद्धा हलत नाही. मागे बघितलं असतंस तर ती साधारण कुठल्या बाजूने येणार हे कळलं असतं, आणि बॉल पायाजवळ ठार थांबवला नसतास. पहिल्याच स्पर्शात त्याला दिशा द्यायची, थांबवणं आणि काढून नेणं एकाच हालचालीत झालं पाहिजे. तू निघालेली असलीस आणि ती मागून पाठलाग करत असली, तर ती मागे आहे हा तिचा प्रश्न. तू आपल्या वाटेने सरळ पळत असताना तुझं शरीर तिच्या आणि बॉलच्या मधे येतं, त्याला कुणी ऑब्स्ट्रक्शन म्हणत नाही. फक्त पळता पळता तिच्यासमोर आडवं कापायचं नाही, आणि एकदम थांबून पार्श्वभाग मागे रेटायचा नाही. मागे रेटत जाणं हे तर नियमात नाव घेऊन सांगितलेलं फाऊल आहे.

आणि पळायला जागाच नसेल तर? तुझी तीच स्थिती होती, समोर बॅकलाइन, डावीकडे साइडलाइन. अशा वेळी बॉल बाहेर घालवायला लाजू नकोस. बॅकलाइनकडे तोंड असताना आपली साइडलाइन तुझ्या डाव्या हाताला येते, आणि स्टिकची सपाट बाजूही डावीकडेच बघत असते. म्हणजे मनगट न वळवता, छोट्याशा पुशने बॉल साइडलाइनपार जातो. त्यांना तिथून बॉल मिळेल, पण त्या भागातून तो सरळ डीत मारता येत नाही, आधी ५ मीटर चालवावा लागतो. तेवढ्यात तुम्ही सगळ्या मागे येऊन उभ्या राहता. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जणी बचावाला उरतात, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. मात्र गडबडीत बॉल मुद्दाम बॅकलाइनपार घालवू नकोस, त्यालाही पेनल्टी कॉर्नरच आहे.

काही वेळा ती फार लवकर येते आणि पुशलाही वेळ नसतो. तेव्हा शरीर जागेवर ठेव आणि बॉल हलव. ती डावीकडून स्टिक घालतेय असं दिसलं की बॉल उजवीकडे ओढ, आणि ओढल्याबरोबर त्याच बाजूने बाहेर पड. बॉल फिरता असेल तर तू मधे येतेस ती क्षणभर, आणि तो क्षण तुझ्या खेळण्याचा भाग असतो. हा फरक अंपायरला दिसतो. उजवीकडे आपला गोल आहे हे मात्र डोक्यात असू दे, तिकडे ओढायचं तर पूर्ण निसटायचं, अर्धवट नाही.

स्टिकबद्दल वेगळं सांगते, कारण ही सवय तुला लहानपणापासून आहे. एका हाताने ड्रिबल करत दुसऱ्या हाताने समोरचीला दूर ठेवणं, किंवा आपली स्टिक तिच्या स्टिकवर दाबून धरणं, हे तुला चलाखी वाटतं. स्टिकने अडवलं तर अंपायर वेगळी खूण करतो, एक हात खाली तिरका धरून दुसऱ्या हाताने त्याच्या कोपरापुढच्या भागाला स्पर्श. शरीराने अडवलं तर छातीसमोर दोन्ही हातांची फुली. परवाच्या मॅचमध्ये त्याने फुली केलीय. पुढच्या वेळी शिट्टी वाजली की वाद घालण्याआधी त्याच्या हातांकडे बघ, नेमकं काय दिसलं ते तोच सांगत असतो.

आता उलट बाजू. तीच युक्ती कुणी तुझ्यावर केली तर फाऊल मिळवता आलं पाहिजे, आणि तिथेही तू घाई करतेस. पहिल्या हाफमध्ये त्यांची एक मुलगी कोपऱ्यात पाठ करून उभी होती, आठवतंय? तू सरळ तिच्या पाठीवर गेलीस आणि तिच्या दोन्ही पायांमधून स्टिक घातलीस. फ्री हिट तिला मिळाली. मिळणारच, कारण अंगाला न लागता बॉल खेळता येईल अशा जागी तू नव्हतीस, आणि अशा जागेवरून टॅकल करायचाच नसतो. अनुभवी मुली तर याच धक्क्याची वाट बघत उभ्या असतात. तू काय करायचं, तर एक-दोन पावलं टाकून तिच्या बाजूला यायचं, स्टिक जमिनीलगत मोकळी धरायची आणि बॉलकडे न्यायची. आता ती वाटेत सरकली तर अंपायरला सगळं स्वच्छ दिसतं: स्टिक बॉलकडे निघाली होती, पोचणार होती, आणि मधे कंबर आली. हात वर करून ओरडायची गरज नाही. ओरडत थांबलीस तर तू खेळायचा प्रयत्नच करत नाहीस असं दिसतं, आणि मग देणारा असेल तोही देत नाही.

या आठवड्यात प्रॅक्टिसनंतर एक कर. मैत्रिणीला घे, साइडलाइन आणि बॅकलाइनच्या कोपऱ्यात उभी राहा. तिसरीला तुझ्याकडे लांबून बॉल मारायला सांग आणि मैत्रीण मागून येऊ दे, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, तुला न सांगता. अट एकच, तिची स्टिक टप्प्यात आल्यावर बॉल आधी हलला पाहिजे, तुझा पाय नंतर. पाय आधी हलला की मैत्रिणीने फुली करायची आणि बॉल तिचा. कुणाला तरी मोबाइल धरायला सांग, आणि या वेळी जरा बाजूने शूटिंग करा. मागून काढलेल्या व्हिडिओत बॉल नीट दिसत नाही.