घरी ऑइल बदलणे परवडते का?

आमच्या मोटरसायकलचे ऑइल आम्ही घरीच बदलतो. एक लिटर ऑइल विकत घ्यावे लागतेच. वाचते ती फक्त मजुरी, आमच्याकडे शंभर रुपये. पाना, पसरट टब व नरसाळे मिळून सहाशे रुपये पडले, म्हणजे सहा खेपांनंतर बचत सुरू. मात्र खालचा बोल्ट जोर लावून आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि दुरुस्तीत ती सारी बचत संपते. बोल्ट आधी हातानेच फिरवावा. लगेच अडला तर तो तिरका बसला आहे असे समजावे. काढलेले ऑइल विहिरीजवळ ओतू नये, गुरांच्या जखमेला तर मुळीच लावू नये. त्यात इंजिनातील धातूंचा अंश असतो. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात देतो. एवढ्यासाठी गॅरेजची एक खेप होतेच!