घशातला गोळा जेवताना कुठे जातो?

अगं, काल फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, घशात काहीतरी अडकलंय. दुखत नाही, पण गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी निघत नाही." म्हणून मी विचारलं, जेवताना काय होतं? तू म्हणालीस, जेवताना जाणवतच नाही, भाकरीसुद्धा सरळ उतरते. तिथेच मला हायसं वाटलं. वाट खरंच अरुंद होत असती, तर आधी भाकरीचा घास अडला असता, मग मऊ भात, शेवटी पाणी. तुझं उलट आहे. घास गेला की गोळा गायब आणि नुसती थुंकी गिळली की पुन्हा हजर. याला डॉक्टर ग्लोबस म्हणतात.

अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो, घास आला की क्षणभर सैल होतो. मनावर ताण असला की घशाचे स्नायू जास्त आखडतात. रडू दाबताना येणारा आवंढा तुझ्या ओळखीचा आहेच. दुसरं कारण पित्ताचं. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं, कधी छातीत जळजळ न होताही. घसा हुळहुळतो, आपण खाकरतो, खाकरून तो आणखी हुळहुळतो. त्यात तू गोळा गेला का हे बघायला दिवसभर आवंढे गिळतेस. लागोपाठ चार-पाच कोरडे आवंढे गिळले, तर चांगल्या घशालाही अडकल्यासारखं वाटतं गं!

म्हणून खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घे. सासूबाई दवाखान्यात असल्यापासून तू साडेदहाला जेवून अकराला आडवी होतेस, ते आधी बदल. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. डबा दवाखान्यातच आठला खाऊन घे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचल. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं. पित्ताच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस, सगळ्यांनाच त्यांचा गुण येत नाही. आणि गोळा महिनोन्महिने येत-जात राहिला तरी घाबरू नकोस, त्याची चालच तशी असते.

तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवच. नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घालून ते काही मिनिटांत घसा बघतात. घास अडायला लागला, गिळताना दुखलं, गोळा एकाच बाजूला वाटला, मानेला गाठ लागली, वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. तुझ्या जाऊबाई मिश्री लावतात ना? त्यांना असं काही जाणवलं, तर त्यांनी 'ताणामुळे असेल' म्हणून घरी बसू नये, लगेच तपासून घ्यावं. आणि तू डॉक्टरांकडे गेलीस की जेवतानाची गोष्ट सगळ्यात आधी सांग.