चार घरं म्हणजे काय?

कवितेत नदी, ऋतू, उजेड आला, की आपण लगेच खोल अर्थ शोधतो. जरा थांबू या.

बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता पाहा. तिच्यात निळसर झरा आहे, गावात घरं चारच, पुढे काळा डोह. शेवटी औदुंबर माणसासारखा पाण्यात पाय सोडून बसतो.

झाड कधी बसतं का? इथं कवीनंच त्याला माणूस केलं. म्हणून आपल्याला विरक्त साधू आठवला, तर त्याला आधार आहे.

पण ‘चार घरं म्हणजे चार वेद’ असं कोणी म्हणालं तर? आपण ‘चार पैसे’ म्हणतो, तेव्हा मोजतो का? गाव लहान, एवढंच.

अर्थ सांगताना विचारावं : कोणत्या शब्दावरून? शब्द दाखवता येत नसेल, तर तो अर्थ आपला, कवितेचा नव्हे.