ट्रस्ट रजिस्टर झाला, पण खोली आणि पैसे कुणाच्या नावावर आहेत?

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच मंडळांनी एकच प्रश्न विचारला: "सर, ट्रस्टचं सर्टिफिकेट मिळालं की काम संपलं ना?" नाही. सर्टिफिकेटमुळे ट्रस्ट कायद्यासमोर उभा राहतो. त्याच दिवसापासून पैसा आणि मालमत्ता मंडळाची राहत नाही, विश्वस्तांची तर अजिबातच नाही. ती ट्रस्टची होते आणि विश्वस्त फक्त सांभाळणारे असतात. आजचा सगळा धडा या एका वाक्यावर आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावात नऊ जणांनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. वर्गणीचे १,८५,००० रुपये दोघांच्या जॉइंट सेव्हिंग खात्यात आहेत. गावातल्या एका काकांनी "ही खोली आता तुमचीच" असं तोंडी सांगितलंय. आता यांना ट्रस्ट करायचाय.

१. नोंदणी: अर्जातला मालमत्तेचा रकाना नीट भरा

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होतं. आधी विश्वस्त-पत्र, म्हणजे ट्रस्ट डीड करायचं. त्यात उद्देश, विश्वस्तांची नावं आणि विश्वस्त बदलायची पद्धत लिहायची. ही शेवटची गोष्ट लोक घाईत सोडून देतात. एखादे विश्वस्त वारले किंवा राजीनामा दिला, तर नवीन कोण आणि कसा नेमायचा हे डीडमध्येच नसेल, तर पुढे दोन गट पडतात आणि बँक खातं अडकतं.

ट्रस्ट झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपल्या विभागाच्या उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचा. अर्जात स्थावर आणि जंगम मालमत्तेची यादी अंदाजे किमतीसह द्यावी लागते. मग चौकशी होते आणि समाधान झालं की नोंदवहीत नोंद होऊन नंबर मिळतो.

आपल्या अभ्यासिकेने यादीत काय लिहायचं? १,८५,००० रुपये, पुस्तकं, टेबल-खुर्च्या: हे सगळं लिहायचं. खोली मात्र मालमत्ता म्हणून लिहायची नाही. का? कारण ती अजून काकांचीच आहे. तोंडी शब्दावर स्थावर मालमत्तेचं दान होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बक्षीसपत्र लागतं. तोपर्यंत काकांची लेखी संमती घेऊन खोली फक्त कार्यालयाचा पत्ता म्हणून दाखवायची.

काका हयात आहेत तोवर हे काम करून घ्या. उद्या त्यांच्या वारसांनी कुलूप लावलं, तर "काका बोलले होते" एवढाच पुरावा तुमच्याकडे उरेल.

२. खोली ट्रस्टकडे येते तेव्हा

समजा नोंदणीनंतर सहा महिन्यांनी काकांनी बक्षीसपत्र केलं. आता तीन कामं ओळीने करायची:

- दस्त ट्रस्टच्या नावाने हवा, अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने नाही.
- सातबारा, मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा उतारा, जे लागू असेल तिथे ट्रस्टचं नाव लावून घ्या.
- ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. आपण त्याला चेंज रिपोर्ट म्हणतो. विश्वस्त बदलले तरी हाच नियम.

कार्यालयाच्या नोंदवहीत जुनेच विश्वस्त आणि जुनीच मालमत्ता दिसत असेल, तर पुढच्या प्रत्येक परवानगीच्या वेळी तुम्हाला आधी मागे जाऊन ते दुरुस्त करावं लागेल.

३. खोली भाड्याने द्यायची असेल तर थांबा!

आता खोलीच्या पुढच्या भागात झेरॉक्सवाला पाच वर्षांचा भाडेपट्टा मागतो. भाडं चांगलं आहे आणि नऊच्या नऊ विश्वस्तांचा ठराव आहे. सही करायची का?

नाही. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. भाडेपट्ट्यालाही तीच अट आहे: शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ द्यायची असेल तर आधी परवानगी. सगळ्यांचं एकमत झालं तरी ते या परवानगीची जागा घेत नाही.

कर्जाचंही तसंच. ट्रस्टसाठी कर्ज काढायला पूर्वपरवानगी लागू शकते आणि विश्वस्ताला ट्रस्टचे पैसे उसने घेता येत नाहीत. "लाइट बिलाला मी खिशातून पन्नास हजार देतो, नंतर परत घेईन" हेसुद्धा ऑडिटर कर्ज म्हणूनच बघू शकतो. देणगी असेल तर पावती घ्या. परत हवे असतील तर आधी परवानगी.

४. हिशोब: बँकेतली शिल्लक फसवते

सर्टिफिकेट आणि पॅन मिळाला की ट्रस्टच्या नावाने खातं उघडा आणि जॉइंट खात्यातले १,८५,००० पूर्ण तिकडे वळवा. आता पहिलं वर्ष बघू.

- सर्वसाधारण देणग्या: ९०,०००
- मुलांची फी: १,२०,०००
- इमारत निधी म्हणून आलेल्या देणग्या: २,००,०००
- खर्च, म्हणजे पगार, वीज, वर्तमानपत्रं: २,३०,०००

वर्षाअखेर खात्यात ३,६५,००० दिसतात. शिल्लक १,८०,००० ने वाढली म्हणून सगळे खूश! पण नीट बघा. इमारत निधीचे दोन लाख बाजूला ठेवले, तर चालवण्यासाठी आले २,१०,००० आणि गेले २,३०,०००. म्हणजे अभ्यासिका २०,००० तोट्यात चालली, आणि मोकळेपणाने खर्च करता येतील असे फक्त १,६५,००० उरले.

दात्याने इमारतीसाठी दिलेला पैसा पगाराला वापरणं हा विश्वासभंग ठरू शकतो. म्हणून पावतीवरच "सर्वसाधारण" की "इमारत निधी" हे लिहा आणि खतावणीत दोन वेगळी खाती ठेवा. इमारत निधीची बँकेत वेगळी एफडी केली तर घोळच होत नाही.

कपाटात पाच गोष्टी हव्यात: क्रमांक छापलेली पावती पुस्तकं, रोजकीर्द-खतावणी, व्हाउचर फाइल, सभेचं इतिवृत्त आणि वस्तूंचं डेडस्टॉक रजिस्टर. हिशोब ३१ मार्चला बंद करायचा आणि ऑडिट रिपोर्ट सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. आयकराची नोंदणी आणि रिटर्न हे वेगळं काम आहे, एकाने दुसरं भागत नाही.

"मी फक्त नावाला विश्वस्त आहे"

हे वाक्य कामाला येत नाही. घोर निष्काळजीपणामुळे किंवा पैशाच्या गैरवापरामुळे ट्रस्टचं नुकसान झालं, तर जबाबदार विश्वस्ताकडून वैयक्तिक भरपाई वसूल होऊ शकते आणि त्याला पदावरून काढताही येतं. म्हणून खजिनदारावर कितीही विश्वास असला, तरी दर तीन महिन्यांनी बँक पासबुक आणि रोजकीर्द सभेत समोरासमोर ठेवा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर फरक कशाचा आहे ते त्याच सभेत शोधा आणि इतिवृत्तात लिहा. एखादा निर्णय पटला नाही, तर आपला विरोधही नावानिशी लिहून घ्या.

आजचा गृहपाठ: तुमच्या ट्रस्टचा नोंदवहीतला उतारा काढा. त्यावरचे विश्वस्त आज खरंच विश्वस्त आहेत का? त्यावरची मालमत्ता आणि तुमच्या ताब्यातली मालमत्ता एकच आहे का? जिथे उत्तर "नाही" येईल, तिथून सुरुवात करा.

भेटूया पुढच्या भागात.